सोसायटीच्या सभेत बोललेलं एक वाक्य

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरातल्या एका रविवारी पार्किंगमध्ये भरली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, ३८ माणसं, टेबलावर हजेरीचं रजिस्टर आणि गेल्या वर्षीच्या इतिवृत्ताच्या झेरॉक्स. विषय निघाला लिफ्टच्या देखभालीच्या कराराचा. एरवी मी मागच्या रांगेत बसून चहाची वाट पाहणाऱ्यांपैकी, पण त्या दिवशी उभा राहिलो. मला एवढंच म्हणायचं होतं की तीन कंपन्यांची कोटेशनं मागवा आणि आकडे नोटीस बोर्डावर लावा. तोंडातून निघालं ते असं : "आधीच्या कमिटीच्या वेळी हिशोब कसा वेळच्या वेळी लागायचा बोर्डावर."

नवे सेक्रेटरी समोरच बसले होते. सहा महिन्यांपूर्वी कोणी पुढे येईना म्हणून त्यांच्या गळ्यात ते काम पडलं होतं. वाक्य संपायच्या आत माझे कान तापले. पुढचं काय बोललो ते मला आजही नीट आठवत नाही. रात्री दीड वाजता मात्र ते एकच वाक्य डोक्यात चालू होतं, आणि प्रत्येक फेरीत ते जास्तच खवचट होत गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी शेजारी वाकून कोणाला तरी काहीतरी सांगितलं होतं, ते माझ्याबद्दलच असणार. ३८ पैकी निदान ३० जणांनी तरी नोंद घेतली असणार, असा माझा हिशोब झाला.

या हिशोबाला मानसशास्त्रात नाव आहे : स्पॉटलाइट इफेक्ट. नाटकात एका पात्रावर झोत टाकतात, तसा तो कायम आपल्यावरच आहे असं वाटणं. हे नाव रूढ झालं ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांच्या २००० सालच्या शोधनिबंधामुळे. त्यातला टी-शर्टचा प्रयोग बराच गाजलेला आहे, पण तो सांगताना अर्धाच सांगतात, म्हणून जरा तपशिलात जातो.

एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा मोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला दिला. मॅनिलो सत्तरच्या दशकात लोकप्रिय होता, पण या कॉलेजच्या पोरांच्या दृष्टीने त्याचा चेहरा छातीवर मिरवणं म्हणजे लाजेनं अर्धमेलं होणं. तो घालून त्याला एका खोलीत पाठवलं. तिथे इतर विद्यार्थी टेबलाशी बसून फॉर्म भरत होते. हा जेमतेम खुर्चीत टेकतो न टेकतो तोच त्याला बाहेर बोलावलं आणि विचारलं, आतल्या किती जणांना तुझ्या शर्टावर कोण आहे ते सांगता येईल? अंदाज सरासरी ४६ टक्क्यांच्या आसपास. खोलीतल्यांना प्रत्यक्ष विचारलं तेव्हा सांगता आलं सुमारे २३ टक्क्यांना. म्हणजे झोत होता, पण वाटला त्याच्या निम्मा.

याला जोडून आणखी एक गोष्ट केली होती. या प्रवेशाचं चित्रीकरण काही त्रयस्थांना दाखवलं आणि त्यांनाही तोच अंदाज करायला सांगितला. त्यांचा आकडा खऱ्या आकड्याच्या जवळ आला. याचा अर्थ, 'किती लोक बघतात' याचा अंदाज माणसाला मुळातच येत नाही असं नाही. दुसऱ्याच्या बाबतीत आपल्याला तो बऱ्यापैकी येतो. शर्ट आपल्या अंगावर आला की चुकतो.

मग कोणी म्हणेल, लाजेमुळे चुकत असेल. म्हणून पुढच्या फेरीत लाज वाटणार नाही असे शर्ट दिले : बॉब मार्ले, मार्टिन ल्यूथर किंग आणि विनोदी अभिनेता जेरी साइनफेल्ड, यांतला आवडेल तो घाला. अंदाज ४८ टक्के. प्रत्यक्षात ओळखलं फक्त ८ टक्क्यांनी. या दुसऱ्या फेरीतली फट पहिलीपेक्षा मोठी आहे. फजिती लोकांच्या लक्षात येते असं आपण धरून चालतो, तसंच आपलं चांगलं काहीही लक्षात येत असेल असं धरतो, आणि तिथे तर अजूनच फसतो. सभेत आपण मांडलेला एखादा नेमका मुद्दा इतिवृत्तात 'एका सभासदाने सूचना केली' एवढाच उतरतो, तो अनुभव ज्यांना आहे त्यांना हे पटकन पटेल.

माझ्या लिफ्टच्या वाक्याशी थेट संबंध असलेला प्रयोग मात्र त्याच निबंधात शर्टांच्या पाठोपाठ आहे, आणि त्याच्याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. त्यात शर्ट नाहीत, बोलणं आहे. काही जणांना गटात बसवून एका सामाजिक प्रश्नावर चर्चा करायला लावली. चर्चा संपल्यावर प्रत्येकाने गटातल्या सगळ्यांची क्रमवारी लावायची होती : चर्चा पुढे कोणी नेली, बोलताना कोण जास्त अडखळलं, कोणाला लागेल असं कोण बोललं. शिवाय इतर लोक मला कितव्या क्रमांकावर ठेवतील, याचाही अंदाज करायचा. जवळजवळ प्रत्येक बाबतीत लोकांनी स्वतःला वरचा क्रमांक दिला, चांगल्यातही आणि वाइटातही. इतरांनी त्यांना तिथे ठेवलंच नव्हतं. 'मी फार अडखळलो' आणि 'मी कोणाला तरी दुखावलं' या दोन्ही समजुती एकाच कारखान्यातून निघालेल्या होत्या.

हे का होतं, याचं गिलोविच यांनी दिलेलं स्पष्टीकरण साधं आहे. दुसऱ्याला काय दिसलं असेल हे ठरवताना सुरुवात आपण स्वतःला काय जाणवतंय तिथूनच करतो, कारण हाताशी तेवढंच असतं. मग थोडं मागे येतो : 'मला जेवढं जाणवलं तेवढं त्यांना नसेल जाणवलं.' पण पुरेसं मागे येत नाही, पहिल्या आकड्याच्या जवळच कुठेतरी थांबतो. भाजीवाल्याने ८० सांगितले की आपण घासाघीस करून ६५ वर येतो आणि जिंकल्यासारखे घरी जातो, भाव ४० असला तरी.

हे स्पष्टीकरण तपासायला त्यांनी एक सुंदर युक्ती केली. काही जणांना शर्ट घालून लगेच खोलीत पाठवलं, काहींना तोच शर्ट घालून पंधरा मिनिटं बाहेर बसवलं आणि मग पाठवलं. बसलेल्यांचा अंदाज कमी निघाला. खोलीतल्या माणसांत काही फरक नव्हता, शर्ट तोच. बदललं होतं ते एवढंच की घालणाऱ्याला त्याची सवय झाली होती. लोकांच्या नजरेचा अंदाज आपण लोकांकडे बघून करतच नाही, स्वतःच्या अंगाला किती टोचतंय त्यावरून करतो. माझे कान तापले होते, म्हणून ३० जणांनी ऐकलं.

आता जरा टेबलाच्या पलीकडे जाऊन बसू. मी बोललेलं वाक्य समोरच्याच्या डोक्यात गेल्यावर त्याचं होतं काय?

पहिली गोष्ट, ते पोचतंच असं नाही. १९७३ साली माल्कम ब्रेनर यांनी लोकांना टेबलाभोवती बसवून आळीपाळीने एकेक शब्द मोठ्याने वाचायला लावला आणि नंतर काय आठवतं ते विचारलं. स्वतःची पाळी येण्याच्या आधीच्या काही सेकंदांत जे शब्द वाचले गेले, ते लोकांना सर्वांत कमी आठवले. ऑफिसात नव्या टीमची ओळखपरेड होते तेव्हा हेच चालतं. तुम्ही नाव, गाव, आधीची कंपनी सांगताना चाचरत असता, आणि तुमच्या शेजारचा, ज्याला तुमचं चाचरणं सर्वांत जवळून ऐकू यायला हवं, तो मनातल्या मनात स्वतःचं वाक्य घोकत असतो. आमच्या सभेत माझ्यानंतर उभे राहिलेले गृहस्थ पाण्याच्या मोटरबद्दल बोलणार होते. माझ्या बोलण्यातलं त्यांनी काय ऐकलं असेल, याची कल्पना करा.

दुसरी गोष्ट, पोचलेले शब्द शब्दांच्या रूपात टिकत नाहीत. जॅकलिन सॅक्स यांचा १९६७ चा प्रयोग यासाठी वाचण्यासारखा आहे. लोकांना दुर्बिणीच्या शोधाबद्दलचा एक उतारा ऐकवला, त्यात कोणीतरी गॅलिलिओला पत्र पाठवतो असं एक वाक्य होतं. मग मध्येच थांबवून तेच वाक्य, किंवा थोडा फेरफार केलेलं वाक्य समोर ठेवलं आणि विचारलं, हेच होतं का? वाक्य नुकतंच संपलं असेल तर लोक रचनेतला बारीक फरकही पकडत. पण मध्ये ८० अक्षरांएवढं बोलणं गेलं, म्हणजे साधारण अर्धा मिनिट, की रचना बदलली होती का हे सांगणं जवळपास नाणं उडवण्यासारखं झालं. अर्थ बदलला असेल तर मात्र ते तेव्हाही ओळखत. पत्र कोणी कोणाला पाठवलं हे उलटंपालटं केलं की लगेच 'हे नव्हतं' म्हणत.

'प्रत्येक शब्द तोलला जातोय' असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी यात अर्धा दिलासा आहे आणि अर्धा इशारा. दिलासा असा की शब्दांची निवड, अडखळणं, 'म्हणजे… ते… हे' वगैरे अर्ध्या मिनिटात विरतं. इंग्रजी संभाषणांच्या अभ्यासात दर १०० शब्दांमागे सुमारे सहा ठिकाणी बोलणं तुटतं किंवा परत फिरतं असा अंदाज निघालेला आहे, आणि ऐकणारा ते गाळून पुढे जातो. इशारा असा की अर्थ मात्र टिकतो. तुम्ही कोणाला खरोखरच अपमानास्पद बोललात, तर शब्द विसरले तरी ते विसरलं जाणार नाही. माझ्या बाबतीत प्रश्न एवढाच उरतो की 'आधीच्या कमिटीच्या वेळी' याचा अर्थ लोकांच्या लेखी काय झाला.

इथे २००१ सालचा आणखी एक निबंध कामाला येतो. केनेथ सॅवित्स्की, निकोलस एप्ली आणि गिलोविच यांनी तपासलं की चारचौघांत फजिती झालेल्या माणसाला लोक जेवढं वाईट ठरवतील असं वाटतं, तेवढं ठरवतात का. नाही ठरवत. फजिती कोणाच्या लक्षात आली नाही म्हणून नव्हे, सगळ्यांसमोर घडलेली असूनही. कारण असं सापडलं की फजिती झालेला माणूस त्या एकाच प्रसंगाकडे बघत राहतो, आणि बघणाऱ्याच्या मनात इतर पन्नास गोष्टी असतात : हा माणूस एरवी कसा आहे, तो दिवस कसा चाललाय, मीही असाच फसलो होतो. मी सोसायटीत अकरा वर्षं राहतो. माझी पाणीपट्टी वेळेवर जाते, माझा कुत्रा जिन्यात घाण करत नाही. सेक्रेटरींच्या खात्यात हे सगळं जमा आहे आणि खर्चाच्या बाजूला ते एक वाक्य आहे. मी मात्र रात्री दीड वाजता फक्त खर्चाचं पान उघडून बसलो होतो.

आता दुसरी बाजू, कारण 'तुझ्याकडे कोणी बघत नाही रे' असं पाठीवर थोपटून सांगणारे लोक चुकीचं सांगतात. २०१७ साली एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की साध्या रोजच्या प्रसंगी, कँटीनमध्ये, वेटिंग रूममध्ये, आपण इतरांना जेवढं निरखतो त्यापेक्षा ते आपल्याला कमी निरखतात असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. लोक बघत असतातच. फक्त आपल्याला ज्याची काळजी लागलेली असते ते सोडून भलतंच बघत असतात.

आणि काही ठिकाणी शब्द खरोखरच तोलला जातो. मुलाखतीत, तोंडी परीक्षेत, कोर्टात समोरच्याचं कामच ते आहे. आपल्याकडे यात एक जास्तीचा काटा आहे तो भाषेचा. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाकडे पुण्यातल्या एखाद्या वर्गात मान वळते, ही गोष्ट कल्पनेतली नाही. ज्याची बोली लहानपणी हसण्यावारी नेली गेली आहे, त्याला 'हा तुझा भास आहे' असं सांगणं उद्धटपणाचं होईल. त्याने पाहिलेला झोत खरा होता. स्पॉटलाइट इफेक्टचं म्हणणं एवढंच आहे की तसं एकदा झालं की पुढच्या प्रत्येक खोलीत, जिथे निम्म्या लोकांची बोली त्याच्यासारखीच आहे तिथेही, तो अंदाज तसाच वर लागलेला राहतो.

वर लागलेला अंदाज नुसता चुकीचा असता तर फार बिघडलं नसतं. तो माणसाच्या वागण्यात उतरतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिच्यात हा भाग आहे. लोक तोलतायत असं वाटणारा माणूस बचावासाठी काही गोष्टी करतो : बोलण्याआधी वाक्य मनात तीनदा जुळवून बघतो, आत्ता काय बोललो ते बोलतानाच तपासतो, नजर टाळतो, शक्यतो छोटंसं बोलून मोकळा होतो. एकाच वेळी बोलणं आणि स्वतःच्या बोलण्याचं प्रूफ तपासणं ही दोन कामं डोक्याला झेपत नाहीत, मग खरोखरच वाक्य तुटतं. समोरच्याला दिसतो तो एक तुटक, लक्ष नसलेला माणूस. त्याला आखडू समजतात. म्हणजे चुकू नये म्हणून घेतलेली काळजीच वाईट छाप पाडते, आणि सगळं सुरळीत पार पडलं तर श्रेय त्या काळजीला जातं : 'तयारी करून बोललो म्हणून वाचलो.' समजूत खोटी ठरायची संधीच मिळत नाही.

हे नुसतं माहीत असण्याचा काही उपयोग होतो का? एका बाबतीत होतो असं दिसलंय. सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ साली विद्यार्थ्यांना कॅमेऱ्यासमोर तीन मिनिटांचं भाषण करायला लावलं. एका गटाला काहीच जास्तीचं सांगितलं नाही. दुसऱ्याला नुसता धीर दिला, की घाबरणं स्वाभाविक आहे, काळजी करू नका. तिसऱ्याला नेमकी माहिती दिली : तुमच्या आतली धडधड तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही, हे प्रयोगांत दिसून आलंय. तिसऱ्या गटाची भाषणं त्यांची त्यांनाही बरी वाटली आणि बघणाऱ्यांनाही. नुसता धीर दिलेल्यांना तो फायदा झाला नाही. आपल्याकडे घाबरलेल्या माणसाला 'टेन्शन नको घेऊ' म्हणायची जी पद्धत आहे, ती म्हणणाऱ्याच्याच सोयीची असावी, असं मला हे वाचल्यापासून वाटतं.

पडताळा घ्यायचा असेल तर शर्टाच्या प्रयोगाची पद्धत घरीही वापरता येते, पण एक पथ्य पाळावं लागतं. 'मी त्या दिवशी भलतंच बोललो का हो?' असं विचारायचं नाही. असं विचारलं की तुम्हीच बॅटरी पेटवून त्या वाक्यावर मारता, समोरचा ते आठवून बघतो, आणि वर शिष्टाचार म्हणून 'छे छे' म्हणतो. ते उत्तर कोणत्याच कामाचं नसतं. आधी स्वतःचा आकडा कागदावर लिहायचा, किती जणांच्या लक्षात राहिलं असेल तो, आणि मग मोकळा प्रश्न विचारायचा : सभेत काय काय झालं?

मी तो प्रश्न पुढच्या आठवड्यात चौघांना विचारला. चौथ्या मजल्यावरच्या मुलाला मोटरवरून झालेली वादावादी आठवत होती. दुसऱ्या एकाला वाटत होतं की तीन कोटेशनांची सूचना खजिनदारांनी केली. तिसरा माणूस सभेला आलाच नव्हता, माझ्या स्मरणात मात्र तो दुसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मी बोललेलं आठवत होतं. "हो, तुम्ही उभे राहिलात ना. मी मंदाताईंना म्हटलंसुद्धा, यांच्या शर्टाचं बटण तुटलंय, बायको माहेरी गेलेली दिसते."

चार माणसांवरून ३८ जणांचा निष्कर्ष काढता येत नाही, आणि ज्यांना विचारायला हवं होतं त्या सेक्रेटरींना मी विचारलंच नव्हतं. दर सभेनंतर, दर फोननंतर हीच उजळणी चालत असेल, त्यापायी माणूस बोलायच्या जागाच टाळू लागला असेल आणि हे महिनोन्‌महिने चाललं असेल, तर तो अंदाजातल्या चुकीच्या पलीकडचा सामाजिक भीतीचा आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत, आणि सरकारी टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. माझं तेवढ्यावर आलं नव्हतं. एक वाक्य राहिलं होतं.

सेक्रेटरी परवा लिफ्टपाशीच भेटले. मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी हिशोबाचं बोललो ते तुम्हाला उद्देशून नव्हतं हं."

ते क्षणभर थांबले. "हिशोबाचं? ते कळलं होतं मला, थोडं लागलंही." मग लिफ्टचं बटण पुन्हा दाबत म्हणाले, "पण खरं सांगू का, त्या दिवशी मी इतिवृत्त वाचताना 'कार्यकारिणी'वर दोनदा अडखळलो, तेच डोक्यात होतं. सगळे हसत होते ना?"

मला ते अजिबात आठवत नव्हतं.